शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर

एचआयव्हीच्या रॅपिड चाचणीचा डबा उघडला की आत किटबरोबर घडी घातलेले एक माहितीपत्रक असते. बारीक अक्षरातले, आठ-दहा भाषांमधले, बहुतेक वेळा न वाचताच कचऱ्यात जाणारे. त्यात दोन आकडे असतात. पहिला संवेदनशीलतेचा आणि दुसरा विशिष्टतेचा. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमासाठी किट घ्यायचे असेल, तर पहिला आकडा किमान ९९.५ टक्के आणि दुसरा किमान ९८ टक्के असावा लागतो. बाजारातली बरीच किटे प्रत्यक्षात याहून सरस निघतात, पण अट एवढी.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. त्यातली काही वर्षे पुण्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या प्रशिक्षण वर्गांत जात असे. या माणसांना सूत्रांचा कंटाळा असतो आणि तो रास्त आहे, कारण सकाळपासून दुपारपर्यंत शंभर-दीडशे नळ्या हाताळून ती वर्गात आलेली असतात. म्हणून मी सूत्र न लिहिता एक प्रश्न विचारत असे. समजा माझ्याकडे एक नवी चाचणी आहे. तिला रक्त लागत नाही, सुई लागत नाही, वीज लागत नाही, आणि तिची अचूकता ९९.८ टक्के आहे. तुमच्या किटपेक्षा जास्त. घेणार का?

वर्गातले निम्मे हात वर व्हायचे. मग मी पिशवीतून एक कोरा कागद काढून त्यावर ‘निगेटिव्ह’ असे लिहायची आणि म्हणायची, ही ती चाचणी. येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला हा कागद दाखवायचा.

एकदा मागच्या बाकावरचे एक काका, ससूनच्या बाजूला कुठेतरी वीस वर्षे नोकरी केलेले, चिडून म्हणाले, “मॅडम, ही फसवणूक आहे.” फसवणूक तर आहेच. पण आकडा खोटा नाही, आणि अडचण तिथेच आहे.

आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. गरोदर स्त्रियांच्या तपासणीतही साधारण तेवढेच आढळते. म्हणजे एक लाख गरोदर स्त्रिया घेतल्या, तर त्यांत सुमारे २०० जणींना लागण झालेली असेल आणि ९९,८०० जणींना नसेल. माझा कोरा कागद या ९९,८०० जणींच्या बाबतीत बरोबर ठरतो. चुकतो तो फक्त २०० जणींच्या बाबतीत. लाखात ९९,८०० उत्तरे बरोबर म्हणजे अचूकता ९९.८ टक्के.

आता खरे किट घेऊ, अटीत जेमतेम बसणारे. २०० बाधित स्त्रियांपैकी ९९.५ टक्के, म्हणजे १९९ जणी ते ओळखेल आणि एक निसटेल. ९९,८०० निरोगी स्त्रियांपैकी ९८ टक्के, म्हणजे ९७,८०४ जणींना ते बरोबर ‘निगेटिव्ह’ म्हणेल. उरलेल्या १,९९६ जणींना लागण नसताना ‘पॉझिटिव्ह’ म्हणेल. बरोबर उत्तरांची बेरीज केली, तर ९८,००३ येते. अचूकता ९८ टक्के.

म्हणजे अचूकतेच्या शर्यतीत कोरा कागद खऱ्या किटला हरवतो. एकाही बाधित स्त्रीला ओळखू न शकणारी वस्तू २०० पैकी १९९ जणींना ओळखणाऱ्या वस्तूपेक्षा ‘अचूक’ ठरते. ज्या मोजमापाने असा निकाल लागतो, त्यात काहीतरी मुळातच गडबड आहे, हे वर्गात कुणालाही वेगळे सांगावे लागत नसे. गडबड अशी की अचूकता सगळी उत्तरे एकाच टोपलीत टाकून मोजते. घटना दुर्मीळ असली की टोपली निरोगी माणसांनीच भरून जाते, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे ती दोनशे माणसे तळाशी दिसेनाशी होतात.

म्हणून एका प्रश्नाऐवजी दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला: ज्यांना खरोखर लागण आहे, त्यांपैकी किती जण चाचणीने पकडले? संगणकशास्त्राची माणसे याला रिकॉल म्हणतात. डॉक्टर यालाच संवेदनशीलता म्हणतात. मी वर्गात सरळ ‘पकड’ म्हणत असे. आपल्या किटची पकड ९९.५ टक्के, कोऱ्या कागदाची शून्य. दुसरा प्रश्न उलट्या बाजूने येतो: चाचणीने ज्यांना ‘पॉझिटिव्ह’ म्हटले, त्यांपैकी किती जण खरोखर बाधित आहेत? याचे नाव प्रिसिजन. मराठीत ‘नेमकेपणा’ म्हणू.

आपल्या लाखभर स्त्रियांत किटने पॉझिटिव्ह म्हटलेल्या एकूण २,१९५ जणी. त्यांतल्या खऱ्या १९९. नेमकेपणा ९ टक्के. अकरा जणींच्या हाती ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद पडला, तर त्यांतल्या दहा जणी निरोगी.

इथे वर्ग नेहमी थांबायचा. ९८ टक्के अचूक चाचणी आणि अकरांत दहा चुकीचे, हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे? उत्तर किटमध्ये शोधून मिळत नाही. दोन टक्के ही चूक लहानच आहे, पण ती ९९,८०० माणसांवर लागू होते, आणि साडेनव्व्याण्णव टक्के हे यश मोठे असले तरी ते फक्त २०० माणसांवर लागू होते. मोठ्या ढिगाचा लहान तुकडा लहान ढिगाच्या जवळजवळ सगळ्या भागाहून दहापट भरतो, इतकेच. किट सुधारून विशिष्टता ९८ ऐवजी ९९.५ टक्के केली, तरी खोटे पॉझिटिव्ह ४९९ उरतात आणि नेमकेपणा २९ टक्क्यांच्या आत राहतो.

आणि म्हणूनच माहितीपत्रकावर नेमकेपणाचा आकडा नसतो. कंपनी लपवते असे नाही. तिला तो ठाऊक असूच शकत नाही. पकड आणि विशिष्टता हे किटचे गुण झाले. किट कुठेही न्या, ते बरेचसे तेच राहतात. नेमकेपणा हा किट आणि समोरची रांग या दोघांच्या भेटीतून तयार होतो. रांग बदलली की तोही बदलतो.

किती बदलतो याचे उदाहरण पुण्यातच आहे. भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू झाली. तिच्या शास्त्रज्ञांनी लगेचच पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांची तपासणी हाती घेतली. २,८०० रुग्णांच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. एचआयव्हीचे प्रमाण निघाले २३ टक्क्यांच्या थोडे वर. त्या काळी भारतात हा रोग आहे की नाही यावरच वाद घालणारी माणसे होती, त्यांच्यासाठी तो आकडा धक्कादायक होता.

आता तेच किट, तेच ९९.५ आणि ९८, या रांगेत लावून पाहू. हजार रुग्णांत २३० बाधित. त्यांतले २२९ सापडतील. निरोगी ७७०, त्यांतले १५ चुकून पॉझिटिव्ह ठरतील. एकूण २४४ पॉझिटिव्ह, त्यांतले २२९ खरे. नेमकेपणा ९४ टक्के. अचूकता मात्र इथेही ९८ टक्क्यांच्याच घरात. एकच तंत्रज्ञ सकाळी गरोदर स्त्रियांची आणि दुपारी गुप्तरोग दवाखान्यातल्या रुग्णांची तपासणी करत असेल, त्याच डब्यातली पट्टी वापरत असेल, पट्टीवर तशाच दोन रेघा उमटत असतील, तरी सकाळच्या दोन रेघांचा अर्थ ‘अकरांत एक’ आणि दुपारच्या दोन रेघांचा अर्थ ‘वीसांत एकोणीसच्या जवळपास’ असा होतो. अचूकतेचा आकडा या फरकाबद्दल चकार शब्द काढत नाही.

याची किंमत कोण मोजते, ते एका हकिकतीवरून सांगते. माझी एक विद्यार्थिनी पुढे समुपदेशक झाली. तिच्याकडे एकदा सात महिन्यांची गरोदर मुलगी आईबरोबर आली. नाव-गाव मी सांगत नाही, आणि ज्या खाजगी लॅबचा रिपोर्ट तिच्या हाती होता तिचेही नाही. रिपोर्टवर एकच ओळ होती: ‘एचआयव्ही १ व २, रिॲक्टिव्ह’. एका रॅपिड चाचणीवर दिलेला. तो रिपोर्ट आधी नवऱ्याच्या, मग सासूच्या हातात गेला होता, आणि तीन दिवसांत मुलीला माहेरी पोचवले गेले होते. नवऱ्याने स्वतःची तपासणी करून घेतली नव्हती. ती करावी असे घरात कुणाला सुचलेही नव्हते. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या किटने फेरतपासणी झाली. निगेटिव्ह. समुपदेशक मला म्हणाली, “मॅडम, आई रडायला लागली, पण मुलगी रडली नाही. ती म्हणाली, आता हा कागद घेऊन मी परत त्या घरात जायचं का, ते आधी ठरवते.”

लक्षात घ्या, त्या लॅबचे किट खराब होते असे या गोष्टीतून अजिबात सिद्ध होत नाही. किटने त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणेच काम केले असेल. ‘रिॲक्टिव्ह’ या शब्दाचा अर्थही एवढाच की या नमुन्यात किटमधल्या प्रतिजनाला चिकटणारे काहीतरी सापडले. ते एचआयव्हीची प्रतिपिंडेच असतील असे नाही. गरोदरपणात शरीर स्वतःच तऱ्हेतऱ्हेची प्रतिपिंडे तयार करते. काही स्वप्रतिकार आजारांत, काही इतर संसर्गांतही तशी होतात. त्यांतली एखादी किटला फसवू शकते. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. ‘रिॲक्टिव्ह’चे भाषांतर घरी पोचेपर्यंत ‘हिला एड्स आहे’ असे झाले.

सरकारी केंद्रात काय करतात ते आता पाहू, कारण वरच्या सगळ्या हिशेबाचे उत्तर त्या पद्धतीत दडलेले आहे. लक्षणे नसलेल्या व्यक्तीचे निदान करायचे असेल, तर एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात, तीन चाचण्यांची साखळी असते. पहिली चाचणी निगेटिव्ह आली, तर साखळी तिथेच संपते आणि उत्तर ‘निगेटिव्ह’. पहिली रिॲक्टिव्ह आली, तरच त्याच नमुन्यावर दुसरी आणि तिसरी. तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या, तरच ‘पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट.

क्रम महत्त्वाचा आहे. पहिली चाचणी सर्वांत जास्त पकड असलेली निवडतात, कारण तिच्यातून निसटलेल्या व्यक्तीला पुढे कुणी पाहणार नाही. दुसरी आणि तिसरी जास्त विशिष्टतेची, कारण त्यांचे काम चाळण्याचे. धान्य पाखडताना आधी सगळे सुपात घ्यायचे आणि मग फोलपट उडवायचे, तसे.

आपल्या लाख स्त्रियांवर ही साखळी चालवू आणि तिन्ही किटे जेमतेम अटीत बसणारी धरू. पहिल्या चाचणीनंतर १९९ खऱ्या आणि १,९९६ खोट्या पॉझिटिव्ह उरल्या होत्या. दुसऱ्या चाचणीत खऱ्यांतल्या १९८ पुन्हा रिॲक्टिव्ह येतील. खोट्यांतल्या फक्त दोन टक्के, म्हणजे ४०. नेमकेपणा ९ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेला. तिसऱ्या चाचणीत १९७ खऱ्या आणि त्या ४० मधली जेमतेम एक खोटी. म्हणजे तिन्ही पार करून ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ज्यांच्यापर्यंत पोचतो अशा १९८ जणींत एक चुकीची.

दरम्यान पकडीचे काय झाले? २०० पैकी १९९ वरून १९७ वर आली. मधल्या दोन स्त्रिया हरवल्या का? नाही, आणि या पद्धतीतला मला सर्वांत आवडणारा भाग हा आहे. पहिली रिॲक्टिव्ह, मग दुसऱ्या-तिसऱ्यांपैकी एक रिॲक्टिव्ह आणि एक नाही, अशा वेळी तंत्रज्ञाने ‘निगेटिव्ह’ असे लिहायचे नाही. ‘अनिश्चित’ असे लिहायचे, आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा नमुना घ्यायचा. आपल्या हिशेबात अशा सुमारे ८० स्त्रिया निघतात. त्यांतल्या ७८ निरोगी आणि दोन बाधित. त्या दोघी या खोलीत थांबलेल्या असतात. चार आठवडे ‘अनिश्चित’ या शब्दाबरोबर राहणे गरोदर बाईला सोपे नाही, हे मान्य. पण होय-नाहीच्या मधे तिसरी खोली ठेवण्याचा शहाणपणा मला अनेक हुशार यंत्रणांत आढळलेला नाही. उरलेल्या १,९१७ जणी, ज्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या, त्या घरी जातात, आणि पहिली चाचणी रिॲक्टिव्ह होती हे त्यांना घरी कुणाला सांगावे लागत नाही.

वरच्या हिशेबात मी एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली आहे, ती आता उघड करायला हवी. पहिल्या किटला फसवणाऱ्या १,९९६ जणींपैकी दुसऱ्याला फक्त दोन टक्के फसवतील, असे मी मानले. ते तेव्हाच खरे, जेव्हा दोन किटांच्या चुकांचा एकमेकींशी संबंध नसतो. दोन्ही किटांत एकच प्रतिजन असेल, तर ज्या बाईच्या रक्तातले भलतेच प्रतिपिंड पहिल्याला चिकटले, ते दुसऱ्यालाही चिकटेल. समजा निम्म्या जणी दोन्हींना फसवत असतील. मग दुसऱ्या चाचणीनंतर ४० नव्हे, सुमारे हजार खोट्या पॉझिटिव्ह उरतात आणि नेमकेपणा ८३ टक्क्यांऐवजी १७ टक्के भरतो. एकाच साक्षीदाराला दोनदा बोलावून दोन साक्षी झाल्या म्हणण्यासारखे हे आहे. म्हणून तीन किटांतली प्रतिजने किंवा चाचणीचे तत्त्व वेगवेगळे असावे, अशी अट मार्गदर्शक सूचनांतच घातलेली आहे. पुरवठा खंडित झाला की ‘एकाच कंपनीची दोन पाकिटे वापरून भागवू’ असा मोह होतो. वर्गात मी यावर सर्वांत जास्त वेळ घालवत असे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तीन चाचण्या झालेल्या दिसतात आणि रिपोर्टही तसाच दिसतो.

मग सगळीकडेच तीन चाचण्या का करत नाहीत? कारण सगळीकडे रांग सारखी नाही, आणि चुकीची किंमतही सारखी नाही.

ज्याला एड्सची लक्षणे आहेत, वजन झपाट्याने उतरले आहे, क्षयरोगासारखे आजार पुन्हा पुन्हा होत आहेत, अशा रुग्णासाठी आपल्याच सूचनांनुसार दोन चाचण्या पुरतात. अशा रुग्णांची रांग गुप्तरोग दवाखान्याच्या रांगेसारखी, किंबहुना तिच्याहून दाट. पहिल्याच चाचणीनंतर नेमकेपणा नव्वदीत असतो. दुसरीने तो शंभराला टेकतो. सूचना लिहिणाऱ्यांनी नेमकेपणा हा शब्द कुठे ठळक छापलेला नसेल, पण चाचण्यांची संख्या रांग पाहून ठरवली आहे.

रक्तपेढीत तर एकच चाचणी. पिशवी रिॲक्टिव्ह आली की ती टाकून द्यायची, वाद नाही. अटीत जेमतेम बसणाऱ्या किटने हजार पिशव्यांमागे वीस चांगल्या पिशव्या वाया जातील. रक्तदात्याला याचे वाईट वाटेल, पण पिशवीला बदनामी नसते आणि तिला सासर नसते. इथे पकड हेच सर्वस्व. नेमकेपणा जाणूनबुजून सोडून दिलेला आहे. मात्र त्या पिशवीमागच्या दात्याला काही सांगायचे असेल, तर लगेच नियम बदलतो: त्याला आयसीटीसीकडे पाठवायचे आणि तिथे साखळी नव्याने सुरू करायची. एकाच रक्ताच्या एकाच रेघेचे दोन अर्थ, पिशवीसाठी एक आणि माणसासाठी दुसरा.

सर्वांत कठीण जागा प्रसूतिकक्षाची. कळा सुरू झालेली बाई येते. आधीच्या तपासणीचा कागद नाही, कारण ती ऊसतोडीवरून किंवा बांधकामावरून थेट आली आहे. तीन चाचण्या आणि समुपदेशन यांना वेळ नाही. उपचार नसतील तर बाधित आईकडून बाळाला, स्तनपान धरून, लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर औषधे मिळाली तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. यामागच्या पुराव्यात पुण्याचाही वाटा आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि जॉन्स हॉपकिन्स यांच्या सहकार्याने इथे झालेली चाचणी इथिओपिया व युगांडातल्या चाचण्यांबरोबर २००८ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. स्तनपान करणाऱ्या बाळांना नेव्हिरपिनचा एकच डोस देण्याऐवजी सहा आठवडे रोज डोस दिला, तर सहाव्या आठवड्यापर्यंत लागण होण्याचे प्रमाण ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. सहा महिन्यांनंतर हा फरक बराच कमी झालेला होता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

प्रसूतिकक्षात म्हणून एकाच चाचणीवर काम सुरू करतात. रिॲक्टिव्ह आली, तर आईला औषध आणि बाळाला सिरप. पक्के निदान नंतर, सवडीने. वरच्या हिशेबाने अशा अकरा जणींत दहा निरोगी असतील. तरीही हे बरोबर आहे, कारण निरोगी आई-बाळाला काही दिवस औषध दिल्याचे नुकसान लहान आणि परत फिरवता येण्याजोगे असते, तर निसटलेल्या बाळाचे जन्मभराचे. पण ‘बरोबर आहे’ हे वाक्य औषधापुरतेच. त्याच क्षणी दाराबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याला किंवा सासूला ‘पॉझिटिव्ह निघाली’ असे सांगणे बरोबर नाही. २०१८ च्या सप्टेंबरपासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. पण कायदा नसता, तरी अकरांत एक हा हिशेब जाणणाऱ्या माणसाने तोंड उघडले नसते. औषधाची बाटली उघडण्यासाठी लागणारा पुरावा आणि माणसाला नाव चिकटवण्यासाठी लागणारा पुरावा सारखा नसतो.

आता उरते ती पहिल्याच चाचणीत निसटलेली एक बाई. दोनशेत एक. तिच्याबद्दल बोलणे अवघड, कारण ती दिसत नाही. खोटी पॉझिटिव्ह बाई पुढच्या चाचणीत, नाहीतर दुसऱ्या दवाखान्यात कधीतरी उघड होते. रडते, भांडते, रिपोर्ट घेऊन परत येते. खोटी निगेटिव्ह बाई समाधानाने घरी जाते. कोणत्याही केंद्राच्या नोंदवहीत ती ‘निगेटिव्ह’ या रकान्यातल्या ९७,८०५ जणींमध्ये असते. म्हणून नेमकेपणा आपल्याच नोंदींवरून मोजता येतो, पकड मोजता येत नाही.

ती मोजण्याचा प्रयत्न म्हणून केंद्रांतले काही नमुने फेरतपासणीसाठी राज्याच्या संदर्भ प्रयोगशाळेत जातात. पॉझिटिव्ह नमुन्यांचा मोठा हिस्सा, निगेटिव्ह नमुन्यांचा लहान. समजा निगेटिव्हमधले पाच टक्के नमुने पुन्हा तपासले. ९७,८०५ मधली ती एक बाई त्या पाच टक्क्यांत सापडण्याची शक्यताही पाचच टक्के. म्हणजे फेरतपासणीत एकही चूक न सापडणे ही पकड उत्तम असल्याची खूण नव्हे. ती बहुतेक वेळा तशीच येणार. फेरतपासणीचा खरा उपयोग मोठ्या बिघाडासाठी: फ्रिज बंद पडून किटे खराब झाली, मुदत संपली, थेंब मोजण्याची सवय बिघडली, तर निसटणाऱ्यांची संख्या एकावरून वीस-तीस होते, आणि मग पाच टक्क्यांतही एखादी हाताला लागते.

शिवाय माहितीपत्रकावरचा ९९.५ हा आकडा ज्या नमुन्यांवर काढलेला असतो, ते बहुतेक पक्क्या, जुन्या लागणीचे असतात. रॅपिड चाचणी विषाणू शोधत नाही. शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्या खिडकीत आलेल्या बाईच्या बाबतीत किटची पकड ९९.५ टक्के नसते. पहिल्या काही दिवसांत तर ती कोऱ्या कागदाएवढीच असते. नवरा बाधित आहे किंवा लागणीचा ताजा धोका झाला आहे अशा गरोदर स्त्रीला पहिल्या तिमाहीतल्या एका ‘निगेटिव्ह’वर सोडून न देता पुन्हा तपासायला बोलावतात, ते याचसाठी. तिचे कार्ड वेगळ्या रंगाच्या क्लिपने बाजूला ठेवण्याची पद्धत एका केंद्रातल्या नर्सबाईंनी स्वतःच्या डोक्याने सुरू केली होती. तारीख उलटली की त्या आधी फोन करायच्या, आणि फोन लागला नाही तर वस्तीतल्या आशाताईला निरोप पाठवायच्या. माझ्या वर्गातल्या कोणत्याही आकड्याने तेवढी पकड वाढली नसती.